फाटकावरची लाल चिठ्ठी

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या गोदामात मला पहिली नोकरी लागली, त्याला फाटक एकच होतं. आत तीन मोठी शेड, बाहेर ट्रक उभे राहायला भरपूर मोकळी जागा, आणि मधे हे एक फाटक. फाटकातच वजनकाटा बसवलेला. गाडी काट्यावर चढायची, सील तपासलं जायचं, कागद बघितले जायचे, वजन व्हायचं आणि मग गाडी आत. माल कुठलाही असो, एका गाडीला साधारण दहा मिनिटं लागायची.

काट्याशेजारी जाळीच्या खिडकीआड माझं टेबल होतं. मी जळगावची. धुळ्याला देवपुरात मावशीकडे राहून कंपनीच्या जीपने सोनगीरवरून रोज नरडाण्याला यायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेजही तसंच. त्यामुळे मराठी बोलताना वाक्य मनात एकदा जुळवून मगच बाहेर काढायची सवय होती, आणि तोपर्यंत समोरचा बहुतेक वेळा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. जाळीची खिडकी मला आवडायची. तिच्यामागे बसून सगळं दिसायचं आणि कुणी फारसं काही विचारायचं नाही.

फाटक सांभाळायचे नाना. वय साठीच्या आसपास, अंगात गणवेशाचा शर्ट, खाली स्वतःचं धोतर. पँट का घालत नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे की पँट घालून पळता येतं, आणि मला पळायचं नाही. त्यांच्याकडे चिठ्ठ्यांची दोन पुस्तकं असायची, एक लाल, एक पांढरं. तातडीच्या मालाला लाल चिठ्ठी. औषधं, दुधाचे पदार्थ, पेरणीच्या दिवसांत बियाणं. बाकी सगळ्याला पांढरी. बादल्या, पाइप, साबण, जळगावच्या प्लॅस्टिकच्या चटया. गाडी आली की नाना चिठ्ठी फाडून तिच्यावर आल्याची वेळ लिहायचे आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायचे.

नियम सोपा होता. काटा रिकामा झाला की लाल चिठ्ठीवाल्यांत जो आधी आला तो पुढे. लाल कुणीच नसेल तर पांढऱ्यांत जो आधी आला तो. काट्यावर चढलेली गाडी मात्र कुणासाठीही खाली उतरवायची नाही, मागे इंजेक्शनांची गाडी का उभी असेना. गाडी काट्यावर चढली की ड्रायव्हर चिठ्ठी माझ्या खिडकीत द्यायचा. मी चिठ्ठीचा रंग, आल्याची वेळ आणि काट्यावर चढल्याची वेळ संगणकात भरायचे. मालाचे कागद दुसऱ्या टेबलावर जायचे, ते मला दिसत नसत. महिन्याच्या शेवटी जळगावच्या ऑफिसातला संगणक आपोआप हिशेब करून द्यायचा, लाल चिठ्ठीच्या गाड्या सरासरी किती थांबल्या आणि पांढऱ्या किती.

नाना माझ्याशी अहिराणीत बोलायचे, अगदी ठरवून. मला निम्मं कळायचं. सकाळी पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवनी का व?" सकाळी नऊ वाजता कोण जेवतं हे मला कधी समजलं नाही, पण मी मान हलवायचे आणि ते खिडकीच्या जाळीतून एक खारी बिस्किट सरकवायचे. जाळीची भोकं लहान होती. बिस्किट अर्धं करूनच आत यायचं, आणि उरलेलं अर्धं त्यांचं, अशी आमची वाटणी होती.

शनिवारी शेठ यायचे. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन जळगावात डाळीचं दुकान काढलं होतं, वडिलांनी ते वाढवलं आणि यांनी गोदामं बांधली. आवाज कधी चढवायचे नाहीत. चहात साखर नको, पण सोबत गूळ हवा, असा त्यांचा हिशेब होता. एका शनिवारी ते माझ्या टेबलाशी उभे राहिले, महिन्याचा कागद पुढे ठेवला आणि बोट ठेवून मला वाचायला सांगितलं. लाल चिठ्ठी, सरासरी थांबणं चाळीस मिनिटं. पांढरी चिठ्ठी, पन्नास मिनिटं.

"बेटा, दहा मिनिटांचा फरक. मग लाल चिठ्ठी कशासाठी छापली आपण?"

उत्तर त्यांनीच दिलं. नाना लाल गाड्यांना पुढे सोडत नसणार. ओळखीच्या ड्रायव्हरांना आधी घेत असतील, चहा पीत बसत असतील, काहीही असेल. माणूस जुना आहे, वाईट नाही, पण फाटक त्याच्याच्याने होत नाही. पुढचा आठवडा संपला की नानांना मागच्या शेडवर पहाऱ्याला बसवायचं आणि फाटकावर दुसरा माणूस आणायचा, आणि तो त्यांनी बघूनही ठेवला होता. सोनगीरचा एक निवृत्त एसटी कंडक्टर.

मला बोलायचं होतं, पण वाक्य जुळेपर्यंत शेठ गाडीत बसले होते.

नानांना कुणीतरी दुपारीच सांगितलं. मागची शेड म्हणजे पत्र्याखाली एक खुर्ची आणि समोर भिंत. तिथे गाड्या येत नाहीत, ड्रायव्हर येत नाहीत, नाशिककडे भाव काय चाललाय आणि मुक्ताईनगरला पाऊस झाला का हे सांगणारं कुणी येत नाही. दुपारच्या चहाला त्यांनी नेहमीसारखं बिस्किट सरकवलं नाही, एवढंच मी बघितलं. पुडा खिशात तसाच होता. संध्याकाळी ते मला म्हणाले की मागे सावली चांगली आहे. मग बराच वेळ काट्याच्या लोखंडी पट्टीवरची माती पायाने काढत राहिले.

मला जे खटकत होतं ते असं. मी दिवसभर त्याच फाटकासमोर बसायचे. लाल चिठ्ठीवाला आला आणि नानांनी त्याला पांढऱ्यांच्या मागे ठेवला, असं मी कधीच पाहिलं नव्हतं. उलट पांढऱ्या चिठ्ठीचे ड्रायव्हर त्यांना शिव्या देत असायचे, आणि नाना त्यांच्याच गाडीच्या सावलीत बसून त्या ऐकत असायचे. माझ्या डोळ्यांना दिसत होतं की लाल गाडी फारशी थांबत नाही. कागद म्हणत होता चाळीस मिनिटं. यांतलं एक चूक होतं.

सोमवारी चटयांची गाडी आली. ड्रायव्हर मुक्ताईनगरचा, हसरा, कानात मोठी बाळी. तो खिडकीशी येऊन रोज न चुकता विचारायचा, "म्याडम, आज नंबर लागेल की मुक्काम करू?" सकाळी मी त्याच्या हातात पांढरी चिठ्ठी पाहिली होती, कारण तिने तो वारा घेत होता. त्या दिवशी लागवडीचं बियाणं येत होतं. लाल गाड्यांची रांग तुटेना. एक आत गेली की दुसरी येऊन उभी. पांढऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांनी चुली मांडल्या, भाकऱ्या झाल्या, एक झोप झाली.

दुपारी उशिरा तो काट्यावर आला आणि त्याने खिडकीतून चिठ्ठी दिली. लाल होती.

मी चिठ्ठीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग जाळीतून दिसणाऱ्या चटयांच्या गठ्ठ्यांकडे. चटईला कसली तातडी? चिठ्ठीवर नानांच्या अक्षरात आल्याची वेळ होती. सकाळचीच, जेव्हा तो खरोखर आला होता.

मी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि मागच्या महिन्याच्या नोंदी उघडल्या. लाल चिठ्ठीच्या गाड्यांत ज्या सगळ्यांत जास्त थांबल्या होत्या त्या वेगळ्या काढल्या आणि दुसऱ्या टेबलावरून त्यांचे मालाचे कागद मागवले. चटया. बादल्या. पाइप. पुन्हा चटया. औषधाची एकही गाडी नाही.

त्या संध्याकाळी जीप यायच्या आधी मी खिडकीतून उठून बाहेर गेले. नोकरीत पहिल्यांदाच मी नानांच्या बाजूला, काट्याच्या कठड्यावर बसले. विचारलं की पांढऱ्याला लाल चिठ्ठी तुम्ही देता का.

त्यांनी लपवलं नाही. लाल गाड्या येतच राहिल्या की मागचा पांढरा दिवसभर पुढे सरकत नाही. कुणाच्या घरी आजारी माणूस असतं, कुणाला रात्रीपर्यंत भुसावळ गाठायचं असतं. मग फारच उशीर झालेल्याची पांढरी चिठ्ठी नाना काढून घेत, लाल देत आणि त्याला लालच्या रांगेत शेवटी उभं करत. म्हणजे आधी आलेल्या लाल गाड्यांच्या पुढे तो जात नसे. नंतर येणाऱ्या लाल गाड्यांना मात्र त्याच्यामुळे दहा-दहा मिनिटं जास्त लागत. दिवसाला असे तीन-चार जण.

"मग नवीन चिठ्ठीवर सकाळची वेळ कशाला लिहिली?" मी विचारलं. "तेव्हाची लिहिली असती तर कुणाला कळलंच नसतं."

नाना माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी त्यांना काट्यावर दगड ठेवायला सांगितलं होतं.

"टाईम खोटा कसा लिखू व? तो गडी सकायपाईन उभा शे."

मला हसू आलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणीही आलं, म्हणून मी गाड्यांकडे बघायला लागले. चिठ्ठीचा रंग बदलताना त्यांना काही वाटलं नव्हतं. वेळ बदलणं त्यांच्या हाताला जमलं नव्हतं. आणि त्या खऱ्या वेळेमुळेच ते मागच्या शेडवर चालले होते.

आता अडचण माझी होती. शेठना खरं सांगितलं तर एक आरोप जात होता आणि दुसरा येत होता. नाना लाल गाड्यांना अडवत नव्हते, हे सिद्ध करायचं तर नाना नियम मोडत होते, हे सांगावं लागत होतं. मी तसं त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "सांगी टाक. बठ्ठं सांग. अर्धं सांगशी ते कोनलेच समजाव नही."

शनिवारपर्यंत मी रोज वाक्यं जुळवली. मावशी विचारायची की देवघरासमोर काय पुटपुटतेस. शेवटी वाक्यांचा नाद सोडला आणि गोदामातून कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या, लाल आणि पांढऱ्या.

शेठ आले, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि बसले. नाना दाराशी उभे होते. मी टेबलावर त्या सोमवारच्या तीस गाड्यांच्या तीस चिठ्ठ्या मांडल्या, प्रत्येकीवर ती किती मिनिटं थांबली तो आकडा. संगणकाने मोजल्या होत्या तशा, चोवीस लाल, सहा पांढऱ्या. लाल चोवीस गाड्यांची सगळी मिनिटं मिळून नऊशे साठ, भागिले चोवीस, चाळीस. पांढऱ्या सहा गाड्यांची तीनशे, भागिले सहा, पन्नास. महिन्याच्या कागदावर जे चित्र होतं तेच या एका दिवसातही होतं.

मग मी लाल ढिगातून चार चिठ्ठ्या उचलल्या आणि पांढऱ्या ढिगात ठेवल्या. या चार गाड्या चटया आणि बादल्यांच्या, म्हटलं. चौघी मिळून सातशे वीस मिनिटं थांबल्या. त्या मुळात पांढऱ्याच, फार उशीर झाला म्हणून नानांनी त्यांना लाल चिठ्ठ्या दिल्या.

आता परत भागाकार केला. खऱ्या लाल वीस गाड्या, त्यांची दोनशे चाळीस मिनिटं. सरासरी बारा. खऱ्या पांढऱ्या दहा गाड्या, त्यांची एक हजार वीस. सरासरी एकशे दोन.

शेठ पुढे वाकले. "लाल बारा?"

"हो."

त्यांचा चेहरा उजळला. व्यापाऱ्याचा चेहरा असा उजळताना बघायला छान वाटतं, दिवाळीच्या दुकानासारखा. औषधवाले म्हणूनच कधी तक्रार करत नव्हते, असं काहीतरी ते म्हणाले. मग त्यांची नजर दुसऱ्या ढिगावर गेली आणि तिथेच राहिली.

"आणि हे एकशे दोन?"

इथे मी जे बोलले ते मी मांडून ठेवलं नव्हतं. मी चार चिठ्ठ्या घेतल्या. समजा, म्हटलं, दोन पांढऱ्या आधी आल्या आणि त्यांच्यामागे लगेच दोन लाल, आणि काटा रिकामा आहे. आले त्या क्रमाने सोडलं तर कुणी शून्य मिनिटं थांबतं, कुणी दहा, कुणी वीस, कुणी तीस. एकूण साठ. लाल आधी सोडल्या तरी शून्य, दहा, वीस, तीसच. एकूण साठच. फक्त शून्य आणि दहा लालला मिळाले आणि वीस आणि तीस पांढऱ्याला. लाल चिठ्ठीने मिनिटं कमी होत नाहीत. माल कुठलाही असो, काट्यावर सगळ्यांना सारखीच दहा मिनिटं लागतात, म्हणून ती मिनिटं लालच्या अंगावरून निघतात आणि पांढऱ्याच्या अंगावर बसतात. तीसही गाड्यांची एकत्र सरासरी दोन्ही हिशेबांत बेचाळीसच येते. तुम्ही चिठ्ठ्या कुठल्याही ढिगात ठेवा.

एवढं सलग मी त्या ऑफिसात आधी कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

शेठ नानांकडे वळले. ते रागावले होते, पण राग काढायला त्यांना नीट जागा सापडत नव्हती. विचारलं, चिठ्ठी बदलायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

"कोनीच नही," नाना म्हणाले. "लाल पयले सोडानी, हाई तुमनं सांगनं. मी सोडस. पन दिवसभर लालच येत राहिनी ते पांढरीना नंबर कव्हय लागाव, हाई तुम्ही सांगेल नही."

 बाहेर एका ट्रकचा हॉर्न वाजला आणि नानांची मान आपोआप फाटकाकडे वळली. शेठनी ते पाहिलं. मला वाटतं, निर्णय तिथेच झाला, जरी ते तोंडाने आणखी बराच वेळ नानांना बोलत होते. एवढी वर्षं खाल्लेल्या मिठाचं काय, इथपासून ते हे धोतर तरी आता सोडा, इथपर्यंत.

शेवटी ठरलं ते असं. नाना फाटकावरच राहतील. लाल पुस्तक मात्र माझ्या खिडकीत येईल आणि मालाचा कागद बघूनच मी लाल चिठ्ठी फाडीन. पांढरा दोन तासांहून जास्त थांबला तर नाना त्याला लालच्या रांगेत शेवटी लावतील, पण चिठ्ठी पांढरीच राहील आणि हिशेबही पांढऱ्यातच होईल. म्हणजे नाना जे चोरून करत होते तेच, फक्त रंग न बदलता.

मी म्हटलं की याने कागद खरा होईल, पण पांढऱ्यांचं थांबणं कमी होणार नाही. ते तसंच राहील. शेठनी गुळाचा दुसरा खडा उचलला आणि विचारलं, काट्यावरच्या दहा मिनिटांत वजनाला किती लागतात? तीन-चार, नाना म्हणाले. बाकी सगळी मिनिटं सील आणि कागद. मग ते कागद गाडी रांगेत उभी असतानाच का बघत नाही, असं शेठ म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक रांगेत असतानाच वडील त्यांची यादी वाचून घ्यायचे, म्हणे. काट्यावरचा वेळ कमी झाला तर सगळ्यांचाच होईल, लालचाही आणि पांढऱ्याचाही. हे मला सुचलं नव्हतं. मी मिनिटांची वाटणी करण्यातच गुंतले होते.

फक्त रांगेत फिरून कागद बघायला माणूस लागणार होता, आणि नाना पळणारे नव्हते.

सोमवारी सकाळी आम्ही जीपमधून उतरलो तर फाटकावर एक गृहस्थ उभे होते. खाकी पँट, पायात चामड्याची चप्पल, हातात डबा, खांद्याला जुनी कातडी पिशवी. सोनगीरचे कंडक्टर. त्यांना येऊ नका असं सांगायचं सगळेच विसरले होते. ते नानांना अदबीने सांगत होते की मला फाटकावर नेमलंय, तुम्ही चार्ज द्या.

 मी खिडकीकडे न जाता तिथेच थांबले. नानांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं की एसटीत गर्दीतून मागच्या दारापर्यंत जाऊन तिकिटं फाडायला किती वेळ लागायचा. कंडक्टर सरळ होऊन बसले. म्हणाले, धुळे सुटून सोनगीर यायच्या आत सगळी गाडी फाडून व्हायची, उभे प्रवासी धरून.

"मंग चहा पी," नाना म्हणाले, "आनि ह्या गाड्या फाडी टाक."

त्या दिवसापासून कंडक्टर ट्रकच्या रांगेतून फिरतात. प्रत्येक केबिनचं दार सळईने ठोठावतात, कागद बघतात, सील बघतात आणि सवयीने म्हणतात, "पुढे सरका, पुढे जागा आहे." पुढे जागा नसते. चटयांचा ड्रायव्हर त्यांना रोज अर्धं तिकीट मागतो. काट्यावर गाडी आता पाच-सहा मिनिटं थांबते, आणि महिन्याच्या कागदावर लाल आणि पांढरे दोन्ही आकडे खाली आलेत. पांढरा अजूनही लालपेक्षा बराच मोठा आहे, तो तसाच असणार. पण चुली मांडायला वेळ मिळत नाही, अशी ड्रायव्हरांची नवी तक्रार आहे, आणि नाना ती ट्रकच्या सावलीत बसून ऐकून घेतात.